भागलं चुकीच्या आकड्याने: लिमिटिंग रिएजंटचं गणित तपासताना

अकरावीच्या चाचणीच्या गठ्ठ्यात हे उत्तर हमखास सापडतं. पहिल्या दोन ओळी नीट, मोल बरोबर काढलेले, आणि तिसऱ्या ओळीत क्लोरीनच्या मोलला तीनऐवजी दोनने भागलेलं. तिथून खाली एकही आकडा आपल्या मॉडेल अ‍ॅन्सरशी जुळत नाही. नव्याने पेपर तपासायला बसलेला शिक्षक इथे दोनपैकी एक करतो. शेवटचं उत्तर चुकलं म्हणून पाचपैकी एक गुण देऊन पान उलटतो, नाहीतर 'पद्धत येतेय की' म्हणत चार देऊन टाकतो. चार बरोबर असूही शकतात. पण ते कोणत्या ओळीचे, हे मुलगा पेपर घेऊन स्टाफरूमच्या दारात उभा राहिला की सांगता यायला हवं.

मी पहिल्या वर्षी एक देणाऱ्यांपैकी होतो. एकाच चुकीचे गुण चार ओळींत चारदा कापले होते, आणि ते मला माझ्या वरिष्ठ बाईंनी फेरतपासणीत दाखवलं. तेव्हापासून मी हे गणित कसं तपासतो ते एका उदाहरणावरून सांगतो.

प्रश्न असा घेऊ. 27 ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम आणि 85.2 ग्रॅम क्लोरीन यांची अभिक्रिया पूर्ण होऊ दिली. लिमिटिंग रिएजंट कोणता? अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड किती ग्रॅम तयार होईल? जास्तीचा अभिक्रियाकारक किती ग्रॅम उरेल? अणुवस्तुमान Al = 27, Cl = 35.5. संतुलित समीकरण प्रश्नातच दिलंय:

2Al + 3Cl₂ → 2AlCl₃

गठ्ठ्याला हात लावण्याआधी

गणित स्वतः सोडवा, छापील उत्तर वाचून नव्हे, पेनाने. अ‍ॅल्युमिनियम 27 ÷ 27 = 1 मोल. क्लोरीन 85.2 ÷ 71 = 1.2 मोल. आता प्रत्येकाला समीकरणातल्या त्याच्या स्वतःच्या सहगुणकाने भागायचं. अ‍ॅल्युमिनियम 1 ÷ 2 = 0.5, क्लोरीन 1.2 ÷ 3 = 0.4. लहान आकडा क्लोरीनचा, म्हणजे आधी क्लोरीन संपणार, तोच लिमिटिंग रिएजंट. तयार होणारं अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड 0.4 × 2 = 0.8 मोल, म्हणजे 0.8 × 133.5 = 106.8 ग्रॅम. अ‍ॅल्युमिनियम वापरलं गेलं 0.8 मोल, उरलं 0.2 मोल, म्हणजे 5.4 ग्रॅम.

आणि एक ओळ जी मॉडेल अ‍ॅन्सरमध्ये सहसा नसते, ती तुमच्या कागदावर लिहून ठेवा: आत गेलं 27 + 85.2 = 112.2 ग्रॅम, बाहेर आलं 106.8 + 5.4 = 112.2 ग्रॅम. पुढे हीच ओळ तुमच्या सगळ्यात जास्त कामाला येणार आहे.

मग गुण ओळींना वाटून टाका. मी असे वाटतो: दोन्ही मोल काढले, एक गुण. दोन्ही मोल आपापल्या सहगुणकाने भागून तुलना केली, एक. तुलनेवरून लिमिटिंग रिएजंट सांगितला, एक. उत्पादिताचं वस्तुमान, एक. उरलेल्याचं वस्तुमान, एक. तुमच्या कॉलेजात हेच गणित तीन गुणांचं असेल तर ओळी एकत्र होतील, पण तुलनेची ओळ कुठल्याही वाटणीत स्वतंत्र ठेवा. मुलाला लिमिटिंग रिएजंट कळला की नाही हे त्या एकाच ओळीत दिसतं, आणि ती 'उत्तर' या गुणात बुडाली की तपासणाऱ्याच्या हातात काही उरत नाही.

चूक नक्की कोणती आहे ते ओळखणं

आता मुलीचं उत्तर बघा. तिने लिहिलंय:

अ‍ॅल्युमिनियम 1 मोल, 1 ÷ 2 = 0.5
क्लोरीन 1.2 मोल, 1.2 ÷ 2 = 0.6
लिमिटिंग रिएजंट: अ‍ॅल्युमिनियम
AlCl₃ = 0.5 × 2 = 1 मोल = 133.5 ग्रॅम
क्लोरीन वापरला 0.5 × 2 = 1 मोल, उरला 0.2 मोल = 14.2 ग्रॅम

हा दोन आला कुठून? समीकरणात बघाल तर दोनचे तीन मालक आहेत. अ‍ॅल्युमिनियमचा सहगुणक दोन, अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचा सहगुणक दोन, आणि दोन्हीपेक्षा जास्त संशयित म्हणजे Cl₂ मधला खाली लिहिलेला छोटा दोन. चौथी शक्यता अशी की तिच्या डोक्यात 'पहिल्याच्या सहगुणकाने सगळ्यांना भागायचं' असा काहीतरी नियम पक्का बसलाय. गुण चारही वेळा तेवढेच जातात, पण शेरा वेगळा लिहावा लागतो. शक्य असेल तर त्याच पेपरमधलं दुसरं गणित बघा. तिथेही तिने ऑक्सिजनला, हायड्रोजनला दोननेच भागलं असेल तर खालच्या आकड्याला ती सहगुणक समजतेय. हा गोंधळ मी इतक्यांदा पाहिलाय की हल्ली द्विअणुक वायू असलेल्या गणितात आधी तोच शोधतो.

दुसरं म्हणजे, 'लिमिटिंग रिएजंट: अ‍ॅल्युमिनियम' हे चुकीचं उत्तर तीन वेगवेगळ्या रस्त्यांनी येतं, आणि शेवटच्या ओळीवरून रस्ता कळत नाही. कुणी ग्रॅमच ताडून बघतो: 27 हे 85.2 पेक्षा कमी, म्हणून अ‍ॅल्युमिनियम. कुणी मोल काढतो पण भागतच नाही: 1 हे 1.2 पेक्षा कमी, म्हणून अ‍ॅल्युमिनियम. आणि आपली मुलगी भागते, पण चुकीच्या आकड्याने. पहिल्याला मोलचा उपयोगच कळलेला नाही. दुसऱ्याला समीकरण कशासाठी दिलंय ते कळलेलं नाही. तिसरीला दोन्ही कळलंय, तिने फक्त आकडा चुकीच्या जागेवरून उचललाय. तिघांना सारखे गुण दिले तर त्या तपासणीला अर्थ नाही.

गुण कापायचे एकदाच

तुलनेच्या ओळीचा गुण मुलीला मिळत नाही. अर्धा द्यायचा मोह होतो, कारण अ‍ॅल्युमिनियम बरोबर भागलंय. मी देत नाही. एक बरोबर आणि एक चुकीचा आकडा शेजारी ठेवून तुलना होत नाही. कुणी देत असेल तर माझी हरकत नाही, पण मग साऱ्या गठ्ठ्याला द्यावा.

पुढच्या ओळी मात्र तिच्या आकड्यांवर तपासायच्या. आपले 0.4 आणि 0.5 बाजूला ठेवा. तिच्या कागदावर 0.5 आणि 0.6 आहेत. त्यातला लहान कोणता? 0.5. तिने तोच निवडला का? हो. गुण द्या. तिचा लिमिटिंग रिएजंट अ‍ॅल्युमिनियम असेल तर उत्पादित किती? 2Al मधून 2AlCl₃, म्हणजे 1 मोलमधून 1 मोल, 133.5 ग्रॅम. तिने तेच लिहिलंय. गुण द्या. आयबी आणि ब्रिटिश बोर्डांच्या तपासणीत याला एरर कॅरीड फॉरवर्ड म्हणतात आणि समासात ईसीएफ असं लिहितात. आपल्याकडे स्टेप मार्किंग म्हणतो तेव्हा अपेक्षा हीच असते, फक्त ती इतक्या स्पष्ट शब्दांत कुणी सांगत नाही.

उरलेल्या क्लोरीनची ओळ थोडी अवघड आहे. तिने वापरलेला क्लोरीन 0.5 × 2 असा काढलाय, म्हणजे पुन्हा तोच चुकीचा दोन. ही नवी चूक की जुनीच? जुनीच. ज्या चुकीची किंमत तिने तुलनेच्या ओळीत मोजली ती पुन्हा वसूल करायची नाही. गुण द्या. तिला पाचपैकी चार.

चार जास्त वाटतात ना? शेवटचे तिन्ही आकडे चूक आणि गुण चार. मलाही सुरुवातीला हात आखडता घ्यावासा वाटायचा. पण प्रत्येक ओळीवर बोट ठेवून बघा, कोणता गुण तिने कमावलेला नाही ते. एकच सापडतो.

मोल न भागता थेट ताडणाऱ्या मुलाचं वेगळं. तुलनेचा गुण त्याचाही जातो, पण लिमिटिंग रिएजंट ओळखल्याचाही मी देत नाही. तो गुण सहगुणकाने भागलेल्या आकड्यांतून लहान निवडण्याचा आहे, आणि त्याच्याकडे तसे आकडेच नाहीत. त्याने पुढे उत्पादिताची आणि उरलेल्याची ओळ आपल्या लिमिटिंग रिएजंटला धरून नीट सोडवली तर ते दोन मिळतात. त्याला तीन. ही माझी रेषा आहे. तुमची थोडी वर किंवा खाली असेल, मात्र गठ्ठा उघडण्याआधी ती आखलेली असावी, विसाव्या पेपरला नव्हे.

जिथे पुढे नेणं थांबवायचं

त्याच चुकीचा दुसरा एक पेपर. तुलनेपर्यंत सगळं तसंच, 0.5 आणि 0.6, लिमिटिंग रिएजंट अ‍ॅल्युमिनियम, 133.5 ग्रॅम. पण उरलेला क्लोरीन काढताना या मुलाने समीकरण पुन्हा पाहिलं आणि या वेळी बरोबर पाहिलं. 2 मोल अ‍ॅल्युमिनियमला 3 मोल क्लोरीन, म्हणून 1 मोलला 1.5 मोल. जवळ आहेत 1.2. वजाबाकी केली तर उत्तर ऋण येतं. त्याने काय केलं? 1.5 − 1.2 = 0.3 मोल, 21.3 ग्रॅम उरले, असं लिहून मोकळा झाला.

इथे थांबायचं. ही मागून वाहत आलेली चूक नाही, नवी आहे. जवळ आहे त्यापेक्षा जास्त क्लोरीन खर्च होतोय हे त्याच्या कागदावर लिहिलेलं होतं, आणि त्याने वजाबाकी उलटी करून ते झाकलं. शेवटचा गुण नाही. त्याला तीन. मुलांना वजाबाकीत लहान आकडा खाली लिहायची सवय असते, त्यामुळे फसवणुकीचा आरोप करू नका, पण गुणही देऊ नका.

याच जागी एखादी मुलगी −0.3 आल्यावर 'उत्तर ऋण येत आहे, लिमिटिंग रिएजंट चुकला असावा' असं लिहून थांबते. वेळ संपलेला असतो. तिला शेवटचा गुण माझ्या चाचणीत मी देतो. बोर्डाच्या तपासणीत देता येणार नाही, तिथे मॉडेल अ‍ॅन्सरच्या बाहेर जायची मुभा आपल्याला नसते.

चुकीसारखं दिसणारं, पण बरोबर

नवा तपासनीस ढिलाई दाखवून जेवढं नुकसान करतो त्याहून जास्त इथे करतो. 0.4 आणि 0.5 हे दोन आकडे डोक्यात ठेवून तो कागदावर तेच शोधतो, सापडले नाहीत की लाल पेन चालवतो.

एका मुलाने लिहिलंय: क्लोरीन 2.4, 2.4 ÷ 6 = 0.4. सहा? समीकरणात सहा कुठेच नाही! पण वरची ओळ बघा. त्याने 85.2 ला 71 ने नाही, 35.5 ने भागलंय. तो क्लोरीनच्या रेणूंचे नाही, अणूंचे मोल मोजतोय, आणि 3Cl₂ मध्ये क्लोरीनचे अणू सहाच. पूर्ण बरोबर. तेच, 1.2 मोल काढून सहाने भागलं असतं तर मात्र चूक. भाजक बरोबर की चूक हे वर काय मोजलंय त्यावर ठरतं, म्हणून भागाकाराची ओळ एकटी कधीच तपासू नका.

दुसरा मुलगा समीकरण अर्धं करतो: Al + 1.5Cl₂ → AlCl₃. त्याचे आकडे येतात 1 आणि 0.8. लहान क्लोरीनचाच. बरोबर. तिसरी मुलगी काहीच भागत नाही. ती लिहिते: 1 मोल अ‍ॅल्युमिनियमला 1.5 मोल क्लोरीन लागतो, आहे 1.2, म्हणून क्लोरीन आधी संपेल. हे तर मला सगळ्यात आवडतं. मात्र याच पद्धतीत गुणोत्तर उलटं झालं, म्हणजे '1 मोल अ‍ॅल्युमिनियमला 0.67 मोल क्लोरीन लागतो', तर ती आपल्या विषयातलीच चूक आहे, फक्त वेश बदललेला. तिला वरच्याच नियमाने तपासा.

आणि वर्षातून एखादा वाचनवेडा 2AlCl₃ च्या जागी Al₂Cl₆ लिहितो, कारण वाफेत अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड जोडीने असतं हे त्याने कुठेतरी वाचलेलं असतं. मग त्याचं उत्पादित 0.4 मोल येतं, 0.8 नाही. घाबरू नका, 0.4 × 267 केलं की 106.8 ग्रॅमच.

शेरा

'चूक', 'समीकरण बघ', 'अभ्यास कमी' यातलं काहीही लिहून मुलीला तिचा दोन सापडणार नाही. मी तिच्या 1.2 ÷ 2 मधल्या दोनभोवती गोल करतो, वर समीकरणातल्या 3Cl₂ च्या तीनभोवती गोल करतो, आणि दोन्ही गोल रेघेने जोडतो. खालच्या आकड्याचा गोंधळ असल्याचा संशय असेल तर शेजारी एवढंच: 'Cl₂ मधला 2 रेणूच्या आतला, 3 रेणूंच्या संख्येचा. आपल्याला कोणता हवा?'

त्याखाली दुसरा शेरा, आणि तो मी प्रत्येक अशा पेपरवर लिहितो: '27 + 85.2 किती? तुझं 133.5 + 14.2 किती?' पहिली बेरीज 112.2, दुसरी 147.7. आत टाकलं त्यापेक्षा 35.5 ग्रॅम जास्त बाहेर आलं. मुलगी स्वतः बेरीज करते आणि चूक तिला आपण न सांगता दिसते. तिचं नुसतं 133.5 बघितलं तरी पुरे होतं, दोन्ही पदार्थ मिळूनही तेवढे भरत नाहीत. हा जास्तीचा 35.5 नेमका अर्ध्या मोल क्लोरीनचा आहे. 1 मोल AlCl₃ ला 1.5 मोल Cl₂ लागतो आणि तिने हिशेबात 1 धरला, तोच हा फरक.

या बेरजेची मर्यादाही सांगून ठेवतो. वस्तुमान जुळलं म्हणजे गणित बरोबर, असं नाही. मोल नीट, सहगुणक नीट, पण लहानाऐवजी मोठा आकडा निवडला, तर उरलेलं ऋण येतं आणि ते चिन्हासकट बेरजेत घेतलं तर बेरीज बिनबोभाट 112.2 येते. म्हणून बेरजेबरोबर 'काही ऋण तर नाही ना' हेही बघायला सांगा.

पुढच्या चाचणीचा प्रश्न काढताना

गणितातले 85.2 ग्रॅम मी सहज घेतले नव्हते. समजा क्लोरीन 63.9 ग्रॅम दिला असता, म्हणजे 0.9 मोल. खरी तुलना 0.5 आणि 0.3. आपल्या मुलीची तुलना 0.5 आणि 0.45. दोन्हींत क्लोरीनच लहान. पुढे तिने 3Cl₂ पासून 2AlCl₃ हे गुणोत्तर नीट वापरलं तर 0.6 मोल, 80.1 ग्रॅम, अगदी मॉडेल अ‍ॅन्सरप्रमाणे. चूक पूर्ण झाकली जाते. घाईत तपासणारा शेवटचा आकडा बघून पाचपैकी पाच देतो, आणि मुलगी तो दोन बारावीपर्यंत सोबत घेऊन जाते. क्लोरीन 127.8 ग्रॅम दिला तरी तेच, फक्त दोन्ही तुलनांत अ‍ॅल्युमिनियम लहान ठरतं.

या समीकरणात 27 ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम घेतलं तर क्लोरीन 71 आणि 106.5 ग्रॅमच्या मध्ये असेल तेव्हाच दोनने भागणाऱ्याचं उत्तर फिरतं. 71 ला त्याचे दोन्ही आकडे सारखे येतात, 106.5 ला खरे दोन्ही सारखे येतात, या दोन टोकांपासूनही जरा लांब राहा. दुसरं कुठलंही समीकरण घेतलंत तर आधी चुकीच्या सहगुणकाने एकदा स्वतः सोडवून बघा. लिमिटिंग रिएजंट बदलला नाही तर आकडे बदला.

मागच्या वर्षी एका सहकाऱ्याच्या चाचणीत 63.9 होते. निकाल लागल्यावर तो खुशीत म्हणाला, 'या वेळी लिमिटिंग रिएजंट सगळ्यांना जमलं.' मी त्याच्याकडून गठ्ठा मागून घेतला. तिसऱ्या ओळीत क्लोरीनला दोनने भागलेले सात पेपर निघाले, सातही पूर्ण गुणांचे.